शिलकीचे ३ लाख २० हजार: विश्रामबागेत बुटीक, की घरातून ऑनलाइन शिकवणी?

धाकटी
आम्ही दोघी बहिणी, सांगलीच्या. दोघींचे मिळून ३ लाख २० हजार आहेत. काल रात्रीचं बोलणं जसंच्या तसं देते.

ताई: विश्रामबागेत गाळा मिळतोय. ९ हजार भाडं, ६० हजार डिपॉझिट. मी शिवते, तू काउंटर सांभाळ.
मी: बी.एड. करून काउंटर? मी दहावीच्या गणिताची ऑनलाइन बॅच काढते. एक पेन टॅबलेट, एक माइक, झालं. तूही ऑनलाइन शिवण शिकव.
ताई: पोरं मोबाइलवर शिकतात होय? लॉकडाउनमध्ये बघितलंय सगळं.
मी: आणि दुकान पहिल्या दिवसापासून चालतं वाटतं?

आजकाल कोण दुकानात जातंय? सगळं ऑनलाइन झालंय. ताईला कुणीतरी समजवा.

सुईदोरा
'ताईला समजवा' वाचून चहा गार झाला माझा. कोल्हापुरात १७ वर्षं शिवणकाम करते, तेव्हा जरा सविस्तर लिहिते. ताईचा हिशोब चुकलाय आणि तुझाही, फक्त तुझा इंग्रजी शब्दांत चुकलाय म्हणून तो तुला शहाणपणाचा वाटतो.

आधी ताईचा. डिपॉझिट ६० हजार. आरसा, ट्रायल रूम, फर्निचर, बोर्ड मिळून ८० तरी. जुकी आणि ओव्हरलॉक ४५. गांधीनगरहून कुर्ती आणि ड्रेस मटेरियल भरायचं म्हटलं की लाखभर. उरले ३५ हजार. भाडं, लाइट आणि हाताखाली एक मुलगी असा महिन्याला साडेसतरा हजार खर्च. म्हणजे दोन महिने गिऱ्हाईक आलं नाही, तर शटर खाली.

आता शिलाईचं. अस्तराच्या ब्लाऊजला ४५० घेतले, तर अस्तर, हूक, दोरा यात ९० जातात. राहिले ३६०. एकटी बाई कटिंगपासून हूकपर्यंत सगळं करते तेव्हा एका ब्लाऊजला तीन तास लागतात. मध्ये मापं द्यायला येणाऱ्यांशी बोलणं धरलं, तर दिवसाला दोन, महिन्याला पन्नास. यातली तीस जवळजवळ घरमालकाची आणि लाइटबिलाची. तिच्या हातात साडेसात हजार.

मुलगी ठेवली तर हातशिलाई, हूक, काज, प्रेस तिच्याकडे जातं आणि एक तास वाचतो. दिवसाला चार, महिन्याला शंभर. सगळा खर्च काढून साडेअठरा उरतात. आणि तीच मुलगी घरात बसवली, गाळाच घेतला नाही, तर साडेसत्तावीस. म्हणून म्हणते, आधी हात विकत घ्या, काच आणि बोर्ड नंतर. काम तेवढं येतंय का, हे मात्र मी सांगू शकत नाही, ते ताईच्या वहीत असेल.

पेठेतला गाळा
सुईदोरा यांचा हिशोब कागदावर बरोबर आहे. पण घरातल्या शिंपीणबाईला ४५० कोण देतं? घरी गेलं की, 'वहिनी, दोनशे घ्या की,' म्हणतात. वर चहा पितात. तीच बाई काचेच्या मागे बसली की सहाशेही निघतात. भाडं हे दर वाढवायचं भाडं असतं. आणि घरी पाहुणे, सासूची औषधं, पोरांचे डबे. तीन तासांचं ब्लाऊज पाच तासांचं होतं, ते कुणी धरलं?

दुकान मरतंय वगैरे काही नाही. माझं दुकान २०१९ च्या ऑगस्टमध्ये छातीइतक्या पाण्यात होतं. लग्नसराईचा उरलेला माल चिखलात गेला, विमा नव्हता. तरी उभं राहिलो, कारण गिऱ्हाईक होतं. फक्त एक ऐका, माल खालच्या फळीवर ठेवू नका आणि विमा काढा.

सुईदोरा
दराचं मान्य. चहाचं तर दुप्पट मान्य. पण गिऱ्हाईक होतं म्हणून उभे राहिलात, गाळा होता म्हणून नाही, हे तुम्हीच लिहिलंत.

मालाचं अजून सांगते, कारण बुटीक बुडतं ते तिथे. होलसेलवाला कुर्ती सेटमध्ये देतो, एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल. तुमच्याकडे मोठी मापं आठ दिवसांत जातात आणि एम लटकलेला राहतो. पुन्हा सेट आणला, पुन्हा एम उरला. सहा महिन्यांनी दुकान भरलेलं दिसतं आणि गल्ला रिकामा. भरलेलं दुकान बघून बहिणीला वाटतं, चाललंय छान!

योजनामित्र
एवढी काळजी कशाला? पीएम विश्वकर्मामध्ये शिंपी येतात. १५ हजार फुकट, ३ लाख कर्ज. उद्या अर्ज करा, परवा दुकान. शिकवणी मात्र विसरा, केंद्राच्या नियमाने १६ वर्षांखालच्या मुलांचे क्लास बंद झालेत.

सुईदोरा
१५ हजार हातात मिळत नाहीत, अवजारांसाठी ई-व्हाउचर मिळतं. कर्ज आधी १ लाख, दीड वर्षात फेडायचं, ५ टक्क्यांनी. पुढचे २ लाख त्यानंतर. मुद्रा कर्ज घेतलेलं असेल आणि फिटलेलं नसेल, तर नावच बसत नाही. योजना चांगली आहे, माझ्या हाताखालच्या एकीला मशीन मिळालंय. पण ते 'परवा दुकान' प्रकरण नाही.

खडूफळा
क्लासबंदीचंही अर्धंच खरं. २०२४ च्या त्या मार्गदर्शक सूचना पन्नासहून जास्त विद्यार्थ्यांच्या कोचिंग सेंटरसाठी आहेत. घरातल्या वीस पोरांच्या बॅचला नाही. हां, धाकटी कुठल्या शाळेत शिक्षिका असेल तर गोष्ट वेगळी. आरटीई कायद्याचं कलम २८ शिक्षकांना खासगी शिकवणीच करू देत नाही.

धाकटे, तू गणित शिकवणार म्हणून तुझ्या बाजूने लिहिणार होतो. जमेना. मी चार वर्षं ऑनलाइन भूमिती शिकवतोय. पहिल्या जूनला २२ मुलं होती, ५०० रुपये महिना. दिवाळीनंतर १३ उरली आणि पैसे देणारी १०. बाकीच्यांचे आईबाप 'पुढच्या महिन्यात दोन्ही देतो सर'. दोन भावंडं एका फोनवर, फी एकाची. तेव्हापासून सत्राची फी आधीच घेतो. मुलं कमी येतात, पण जी येतात ती टिकतात.

आणि टॅबलेट-माइकचा खर्च हा खर्चच नव्हे. खरा खर्च तपासणीचा. वीस मुलांचा आठवड्याला एक पेपर, एकेकाला पंधरा मिनिटं, म्हणजे पाच तास. भौमितिक रचनेत तर कंपासचे कंस फोटोत दिसतच नाहीत. मुलगा म्हणतो काढलेत, मी म्हणतो दिसत नाहीत. शेवटी 'वहीवर फोन तिरका धर, उजेड बाजूने घे' हे भूमितीपेक्षा जास्त शिकवलंय. मार्च ते मे कमाई शून्य.

सातासमुद्रापारचे आजोबा
माझी नात न्यू जर्सीत असते. तिला मराठी वाचायला शिकवणारी बाई हवी आहे. शनिवारी आपल्याकडे संध्याकाळी साडेसात, तिकडे उन्हाळ्यात सकाळचे दहा. ब्लाऊजचं मला काही कळत नाही. बाई शांत स्वभावाच्या हव्यात.

धाकटी
आजोबा, मी गणिताची. पण आठवड्याला एक तास जमेल, बोलू.

लग्नघर
सगळे हिशोब वाचले. एक सांगा, ४५० कशाचे? जेमतेम ८० सेंटिमीटर कापड! माझ्या मुलीच्या लग्नात एका 'बुटीक'ने सीमांतपूजनाचं ब्लाऊज हळदीच्या रात्री साडेअकराला दिलं, तेही मुंढ्यात घट्ट. पोरीला हात वर करता येईना. वर म्हणे, 'ताई, वजन वाढलं असेल.' अशांना दुकानं कशाला हवीत?

पेठेतला गाळा
अगदी! आमच्या हिच्या शालूच्या ब्लाऊजलाही असंच झालं होतं.

सुईदोरा
८० सेंटिमीटर! ऐका मग. अस्तर आधी भिजवून वाळवायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात आतून आखडतं आणि वरचं कापड फुगतं. मग मापं, कटिंग, कटोरी असेल तर आठ तुकडे, अस्तर जोडणं, टक्स, गळ्याची पट्टी, पायपिंग, हातशिलाई, हूक. आणि काठ दोन्ही बाह्यांवर सारखा बसला नाही की तुम्हीच ओरडणार. हॉटेलात ४५० ची भाजी खाताना विचारता का, की बटाटे किती होते?

मुंढा घट्ट झाला तो त्या बाईचाच दोष, ट्रायल घ्यायला हवी होती. पण ब्लाऊज टाकलं कधी होतंत? लग्नाआधी किती दिवस?

लग्नघर
नऊ. तो मुद्दा नाही.

सुईदोरा
तोच मुद्दा आहे.

लग्नघर
बाई, तुम्ही गिऱ्हाइकाशी असंच बोलता का? मग १७ वर्षं चाललं कसं?

खडूफळा
इथे दोन बहिणी पैसे कुठे घालायचे विचारतायत. मुंढा पुरे. बाकी, ताईंनी ऑनलाइन शिवण शिकवावं का, याचं उत्तर कुणीच दिलं नाही.

सुईदोरा
देते. कटिंग शिकवता येतं, फिटिंग नाही. चूक कागदावर दिसत नाही, अंगावर दिसते. खांद्याचा उतार एकीचा जास्त, एकीचा कमी. मागचा गळा का सुटतोय, हे मी बोटाने कापड चिमटीत धरून सांगते. कॅमेऱ्यात ती चिमूट कुठून आणू? पिको-फॉल किंवा लहान मुलीचं परकर-पोलकं एवढं जमेल. त्याचे फुकट व्हिडिओ आधीच पडलेत.

थोरली
नमस्कार. मीच ती ताई. मावसबहिणीने धागा पाठवला. घरातलं बोलणं चव्हाट्यावर आणल्याबद्दल धाकटीचे आभार.

मला कुणी समजवायला नको. ८ वर्षं शिवतेय, वही आहे माझ्याकडे. सुईदोराताई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गेल्या मे महिन्यात ५८ ब्लाऊज शिवली, रात्री एकपर्यंत बसून, आणि २३ परत पाठवली. आषाढात १९. पितृपक्षाच्या महिन्यात १४. दर ३००. घरी बसून त्याच्यावर कुणी देत नाही, पेठेतले दादा बोलले ते खोटं नाही.

माल भरायचं मात्र डोक्यातून काढलं. ती लटकलेल्या एमची गोष्ट आमच्या नणंदेच्या दुकानात बघितलीय, तेव्हा कळली नव्हती.

सुईदोरा
थोरले, हे आधी यायला हवं होतं. मेमध्ये २३ परत जातात, तिथे मुलगी हवी. आषाढात १९, तिथे ९ हजार भाडं अंगावर येतं. ३०० चा दर मुलगी ठेवून वाढणार नाही हेही खरं, त्याला गाळा लागेल. माझ्याकडे याचं एका वाक्यातलं उत्तर नाही. एक दिवाळी आणि एक लग्नसराई मुलगी ठेवून घरी काढून बघ. पुढच्या खोलीला वेगळं दार आहे का?

थोरली
आहे. तिथे हिची बॅच चालणार म्हणते.

धाकटी
सकाळी तू वापर. माझी मुलं संध्याकाळी सातनंतर असतात, तेव्हा फक्त मशीन बंद ठेव. टॅबलेट-माइकचे ८ हजार मी माझ्या वाट्यातून घेते, बाकीला हात लावत नाही. आणि ताई, २३ परत पाठवल्याचं मला कधी सांगितलं नाहीस.

थोरली
तू कधी विचारलंस? गाळेवाल्याला २० तारखेपर्यंत सांगायचंय. अजून नाही म्हटलेलं नाही मी.

लग्नघर
थोरल्या ताई, ३०० मध्ये अस्तरासकट का?