मदत हवी आहे: कथेचा शेवट कुठे करू?

एक लघुकथा लिहितेय, फार अवघड वर्ष काढलेली एक मुलगी आपली जुनी अकाउंट एकेक करून डिलीट करत जाते. जुना ईमेल तिने मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण बाकीच्यांचे पासवर्ड रीसेटचे मेल तिथेच येतात, तोच आधी उडवला तर विसरलेल्या अकाउंटमध्ये शिरायचं कसं? इथवर जमलंय.

अडलंय ते फेसबुकपाशी. डिलीट दाबलं तरी लगेच जात नाही ना, 30 दिवस असतात, तेवढ्यात लॉगिन करून रद्द करता येतं. हे 30 दिवस मला कथेत खूप महत्त्वाचे वाटतात, रोज रात्री तिचा अंगठा लॉगिनच्या पानापर्यंत जातो आणि थांबतो. पण अकाउंट गेल्यावरही ज्याच्यापासून ती सुटू पाहतेय त्याला तिने पाठवलेले मेसेज त्याच्या इनबॉक्समध्ये राहणारच, आणि कथा तर पूर्ण तिच्याच नजरेतून आहे.

मग हे तिला आधीच माहीत असू दे, की मुदत संपल्यावर एखाद्या मैत्रिणीकडून कळू दे? नंतर कळलं तर तिची सुटका अर्धवट वाटेल का? लिहिणाऱ्यांनी प्लीज सांगा, खरंच अडकलेय.