‘ओझोनला भोक पडलं, म्हणून गरमी वाढली’ : यातला ‘म्हणून’ तपासू या

शिक्षिका, मोर्शी तालुका
आठवीतल्या एका मुलानं वहीत लिहिलं : ‘ओझोनला भोक पडलं, म्हणून सूर्याची उष्णता सरळ खाली येते, म्हणून नवतपा पहिल्यापेक्षा जास्त तापतो.’ मी लाल रेघ मारली. दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला आणि म्हणाला, ‘मॅडम, यातला कोणता शब्द चुकला?’ मला बोट ठेवता येईना. ओझोन विरळ झाला हे खरं, गरमी वाढली हेही खरं. मग चूक कुठं आहे? आपल्या ‘ऊन’ या शब्दात उजेडही येतो आणि तापही येतो, त्यामुळे तर हा घोळ होत नाही ना?

निवृत्त हवामान निरीक्षक
मॅडम, तुमचा संशय रास्त आहे. चूक ‘उष्णता’ या शब्दात आहे आणि दुसऱ्या ‘म्हणून’मध्ये आहे.

ओझोन उष्णता अडवण्यासाठी वर बसलेला नाही. तो अडवतो ते अतिनील किरण, आणि सूर्याकडून येणाऱ्या एकूण ऊर्जेत त्याच्या वाट्याचे किरण शंभरात दोनेक भागच असतात. त्वचा, डोळे, पिकांची पानं यांना ते घातक आहेत, पण जमीन तापवण्याइतका त्यांचा जोर नाही. आपल्याला जे ऊन भाजतं त्यातला बहुतेक भाग दृश्य उजेड आणि अवरक्त किरणांचा. तो ओझोन दाट असला तरी खाली येतो.

मुलाला कॅलेंडर दाखवा. ते ‘भोक’ अंटार्क्टिकावर ऑगस्ट-सप्टेंबरात उघडतं, ऑक्टोबरपर्यंत मोठं राहतं आणि बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात मिटतं. आपला नवतपा मे महिन्यात. तेव्हा ते भोक नसतंच, आणि विदर्भाच्या डोक्यावर तर ते कधीच नव्हतं.

पॉलीहाऊसवाले, यवतमाळकडचे
मी तं उलट समजत होतो. माह्या पॉलीहाऊसची फिल्म २०० मायक्रॉनची हाय, विकणाऱ्यानं सांगतलं का ‘यूव्ही वाली’ हाय. मंग मले वाटलं, यूव्ही आत जाते म्हणूनच आत गरम होते. अन् पुस्तकात हरितगृह म्हन्तात, म्हणजे पॉलीहाऊसच ना! मंग ओझोन, यूव्ही अन् हरितगृह, हे सारं एकच झालं.

निवृत्त हवामान निरीक्षक
भाऊ, ‘यूव्ही’ म्हणजे हेच अतिनील किरण, आणि फिल्ममध्ये त्यांच्यासाठीचं रसायन टाकतात ते प्लास्टिक वाचवायला. ते नसलं तर अतिनील किरणांनी फिल्म कडक पडून लवकर फाटते. आतल्या गरमीशी त्याचा संबंध नाही. आता सांगा, दुपारी आत फार तापलं तर तुम्ही काय करता?

पॉलीहाऊसवाले, यवतमाळकडचे
बाजूचे पडदे वर गुंडाळतो. गरम हवा भसकन निंघून जाते.

निवृत्त हवामान निरीक्षक
म्हणजे तुमच्याकडे गरमी टिकते ती मुख्यतः हवा कोंडल्यामुळे. आकाशातला कार्बन डायऑक्साइड हवा कोंडत नाही. त्याची रीत निराळी आहे. दिवसा तापलेली जमीन रात्रंदिवस न दिसणारे अवरक्त किरण वर सोडत असते. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, पाण्याची वाफ हे हरितगृह वायू ते किरण शोषतात आणि त्यातला काही भाग पुन्हा खाली पाठवतात.

याचा अनुभव तुम्ही दर हिवाळ्यात घेता. डिसेंबरात आभाळ निरभ्र असलं की पहाटे तुरीच्या शेतात हात बधिर होतात. त्याच आठवड्यात संध्याकाळी ढग दाटून आले की थंडी पळते, सकाळी गोदरी अंगावर नकोशी होते. त्या रात्री सूर्य तर नव्हता. ढगांनी जमिनीचीच ऊब परत पाठवली. कार्बन डायऑक्साइड हेच काम रोज, सगळीकडे, थोडं थोडं करतो. कारखान्यांच्या युगाआधी हवेत तो दहा लाखांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेला आहे.

म्हणून मी म्हणतो, ओझोनचं काम येणाऱ्या किरणांशी आहे आणि हरितगृह वायूंचं काम जाणाऱ्या किरणांशी.

फ्रीज दुरुस्ती करणारा, वरुड
सर, आमच्या धंद्यात दोन्ही एकच आहे असं शिकवलं होतं. जुन्या फ्रीजमध्ये आर-१२ होता, तो ओझोन खातो म्हणून बंद झाला. नंतर आर-१३४ए आला. सिलेंडरवर ओझोनला सुरक्षित लिहिलेलं असते. म्हणून गळती झाली तरी हवामानाला काही होत नाही, असं मी गिऱ्हाइकाला सांगत आलो.

निवृत्त हवामान निरीक्षक
दादा, गोंधळ सगळ्यात जास्त इथंच होतो, आणि तो निराधार नाही. आर-१२ दोन्ही पापं करत होता. त्यातला क्लोरीन वर जाऊन ओझोन तोडायचा आणि तोच वायू खालची उष्णताही अडवायचा. आर-१३४ए मध्ये क्लोरीनच नाही, म्हणून ओझोनच्या बाबतीत तुमचं म्हणणं अगदी बरोबर. पण शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो हा कार्बन डायऑक्साइडच्या १४३० किलोंइतकी उष्णता धरतो.

एका फ्रीजमध्ये समजा १५० ग्रॅम भरला आणि तो सगळा गळला. ०.१५ गुणिले १४३०, म्हणजे साधारण २१५ किलो कार्बन डायऑक्साइड झाला. ट्रॅक्टरमध्ये ८० लिटर डिझेल जाळल्यावर एवढाच निघतो. ओझोनला मात्र त्यानं धक्का लागत नाही. नव्या फ्रीजमधला आर-६००ए दोन्ही बाजूंनी बरा, फक्त तो पेट घेतो, तेव्हा भरताना खोली मोकळी ठेवा.

फ्रीज दुरुस्ती करणारा, वरुड
म्हणजे गळती काढल्याशिवाय नुसता गॅस भरून द्यायचा नाही. गिऱ्हाईक घाई करते, पण आता आधी साबणाचा फेस लावून जोड पाहतो.

संत्रा बागायतदार
माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्या झाडांवर पश्चिमेकडच्या फळांना पिवळे-तपकिरी चट्टे पडतात, साल कडक होते. हे ओझोनमुळेच ना? आम्ही खोडाला बोर्डो पेस्ट लावतो, तरी फळं भाजतात.

निवृत्त हवामान निरीक्षक
पश्चिमेकडचीच फळं भाजतात, यावरून दुपारनंतरच्या थेट उन्हानं साल तापते असं दिसतं. सावलीतली फळं चांगली आहेत का, ते पाहा. अतिनील किरणांचा थोडा हात असू शकतो. आपल्याकडे सूर्य डोक्यावर असल्यानं ते एरवीही तीव्र असतात, त्याला भोक लागत नाही. किती वाटा तापाचा आणि किती किरणांचा, हे चट्टा पाहून मला सांगता येणार नाही. बोर्डो पेस्ट खोडासाठी असते, फळाला तिचा उपयोग नाही.

मराठी शिकवणारे, अमरावती
मला दोन शब्द खटकतात. ‘भोक’ म्हटलं की आरपार छिद्र डोळ्यांपुढे येतं. वर तसं नसतं, थर फार पातळ होतो. सगळा ओझोन जमिनीवरच्या दाबाला आणून पसरला तर जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचा होईल. तोच भोकात निम्म्याहूनही कमी राहतो. तेव्हा ‘ओझोन विरणे’ म्हणू या. वापरून वापरून लुगडं विरतं, तसं. दुसरा शब्द ‘हरितगृह’. त्यातल्या ‘हरित’मुळे मुलं तो वायू झाडांचा समजतात, आणि ‘गृह’मुळे आपल्या या भाऊंसारखी पॉलीहाऊसची आठवण होते. ‘गोदरी वायू’ का नको?

निवृत्त हवामान निरीक्षक
‘विरणे’ मला पटलं. ‘गोदरी’ नाही. गोदरीही बरीचशी हवा कोंडूनच ऊब देते, पुन्हा पॉलीहाऊसचीच गोष्ट. शिवाय परीक्षेत ‘हरितगृह’च विचारतात.

पॉलीहाऊसवाले, यवतमाळकडचे
गोदरी मले तं समजली. हवा कोंडो का किरण कोंडो, रातची ऊब जाऊ देत नाही, हे तं खरंच ना?

शिक्षिका, मोर्शी तालुका
उद्या त्या मुलाच्या वहीत मी ‘उष्णता’ खोडून ‘अतिनील किरण’ लिहीन, आणि दुसरं ‘म्हणून’ काढून तिथं वाक्य तोडीन. शिवाय त्याला विचारीन : ओझोन खाणारे वायू बंद करणाऱ्या १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो थर हळूहळू सावरतो आहे, अंटार्क्टिकावर तो साधारण २०६६ च्या सुमारास १९८० सारखा होईल असा अंदाज आहे. मग ओझोनमुळेच गरमी असती तर ती आता उतरायला लागली असती की नाही?

‘गोदरी’ की ‘हरितगृह’, यावर मात्र वर्गातच मत घेते. फळ्यावर दोन्ही लिहून ठेवते.