मेडिक्लेम नाकारला असं फक्त फोनवर सांगतायत, लेखी कारण कसं मागायचं? मदत हवी आहे

मृणाल_मुलुंड
नमस्कार. आईचा क्लेम नाकारलाय. तीनदा फोनवर बोलणं झालं आणि तिन्ही वेळा कारण वेगळं. "लेखी द्या" म्हटलं की "मॅडम, सिस्टीमला अपडेट होईल" एवढंच उत्तर मिळतं. अजून एक कागद नाही की मेल नाही. मेल कुणाला टाकायचा आणि त्यात नेमकं काय लिहायचं? ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी सांगा, वकील करायचा नाहीये. पैसे माझ्या एफडीतून गेलेत, त्यामुळे जरा लवकर.

चेतन_दादर
कॅशलेस नाकारलं की बिल भरून नंतर टाकलेला क्लेम? पॉलिसी स्वतःची की ऑफिसची? फोन कंपनीचा होता की टीपीएचा?

मृणाल_मुलुंड
मला कारण लेखी हवंय, त्यात याने काय फरक पडतो? असो. पॉलिसी आमची स्वतःची, फॅमिली फ्लोटर. टीपीए म्हणजे ते कार्डावर नाव असतं ते का? फोन त्यांच्याच नंबरवरून येतो.

राजू_हिंदमाता
ताई, माझा अनुभव सांगतो. पावसात गाडी हिंदमाताला पाण्यात बंद पडली, मी परत स्टार्टर मारला आणि इंजिन गेलं. यांनी फोनवरच सांगितलं की इंजिनचं कव्हर घेतलेलं नाही, मिळणार नाही. मी लेखी मागितलं आणि आठ दिवसांत छापील नकार हातात आला. तोपर्यंत सर्वेयर म्हणत होता, बघू काहीतरी. म्हणून सांगतो, लेखी मागू नका. कागद आला की दार कायमचं बंद होतं. एजंटला मध्ये घाला.

देशपांडे_काका
मी तीस वर्षं क्लेम विभागात काढली, आता निवृत्त आहे. राजू, तुमच्या गाडीचा नकार कागद येण्याआधीच झालेला होता, कागदाने फक्त तो दिसला.

मृणालताई, चेतन यांनी विचारलं ते महत्त्वाचं आहे. कॅशलेस नाकारणं म्हणजे क्लेम नाकारणं नव्हे. त्याचा अर्थ इतकाच की हॉस्पिटलला आम्ही थेट पैसे देत नाही, तुम्ही भरा आणि नंतर फाइल टाका. दुसरं, टीपीए कागद तपासतो, पण नकार देण्याचा अधिकार विमा कंपनीचा. तिसरं, फोनवरची मुलगी "रिजेक्ट" म्हणते तेव्हा पुष्कळदा फाइल नुसती "क्लोज" झालेली असते, म्हणजे मागितलेला कागद आला नाही म्हणून बाजूला ठेवलेली. ती कागद दिला की पुन्हा उघडते. तेव्हा आधी पोर्टलवर स्टेटस बघा. आणि तिन्ही फोनची तारीख आणि सांगितलेलं कारण इथे लिहा.

मृणाल_मुलुंड
काका, सविस्तर लिहिते. आई 61 वर्षांची. जानेवारीत चक्कर येऊन पडली, बरळायला लागली. सोडियम 118 निघालं. चार दिवस अॅडमिट होती, त्यातले दोन आयसीयूत. कॅशलेस नाकारलं, मी 1,12,400 भरले. 20 जानेवारीला ओरिजिनल बिलांसकट फाइल दिली.
12 फेब्रुवारी: "अॅडमिशन फक्त तपासण्यांसाठी होतं."
19 फेब्रुवारी: "बीपी जुना आहे, फॉर्ममध्ये सांगितला नाही."
26 फेब्रुवारी: "इनडोअर केस पेपर दिले नाहीत."
पोर्टलवर आत्ता पाहिलं. "Closed" एवढंच लिहिलंय. पॉलिसीला चार वर्षं झाली.

डॉ_गौरी
सोडियम 118 आणि रुग्ण बरळतोय, हे तपासणीसाठीचं अॅडमिशन कसं असेल? आयसीयूचा चार्ट आणि रोजचे सोडियमचे रिपोर्ट लावा, तो मुद्दा तिथेच पडेल. मला काळजी दुसऱ्या कारणाची वाटते. डिस्चार्ज समरीत बीपी किती वर्षांपासून असं लिहिलंय? रात्रीचा रेसिडेंट नातेवाइकांना घाईत विचारतो, कुणीतरी म्हणतं "दहाएक वर्षं असेल", आणि ते तसंच छापलं जातं.

मृणाल_मुलुंड
बापरे. "हायपरटेन्शन सिन्स 10 इयर्स" असंच आहे. आईची बीपीची गोळी तीन वर्षांपूर्वी सुरू झाली, पहिलं प्रिस्क्रिप्शन आहे माझ्याकडे. मामा होता त्या रात्री, त्याने सांगितलं असणार.

डॉ_गौरी
मग ते प्रिस्क्रिप्शन जपा. ट्रीटिंग डॉक्टरांकडे जाऊन लेटरहेडवर खुलासा घ्या, की इतिहास नातेवाइकांच्या अंदाजाने नोंदला गेला आणि उपचार अमुक तारखेपासून सुरू आहेत. मूळ समरीत खाडाखोड करून घेऊ नका, त्याने संशय वाढतो. शिवाय बीपीच्या काही गोळ्यांनी सोडियम उतरतं, म्हणून कंपनी आजाराचा संबंध बीपीशी जोडू पाहील. तयारीत राहा.

मयुरेश77
आरटीआय टाका. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

चेतन_दादर
आरटीआय सरकारी विमा कंपनीला लागू. खाजगी कंपनी अर्ज परत पाठवेल. ताईंनी कंपनी कुठली ते सांगितलेलं नाही.

मयुरेश77
इरडाला टाकायचा मग. ते सरकारीच आहेत.

चेतन_दादर
इरडाकडे जी माहिती आहे तेवढीच ते देतील. आईची फाइल त्यांच्या कपाटात नाही.

मृणाल_मुलुंड
खाजगी आहे. कृपया मेलचं सांगा ना कुणीतरी.

देशपांडे_काका
सांगतो. आधी लेखीचा अट्टहास का, ते समजून घ्या, म्हणजे मेल आपोआप नीट लिहिला जाईल. नाकारताना पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा हवाला देऊन कळवायचं, हे इरडाने 2024 च्या आरोग्य विम्याच्या परिपत्रकात सांगितलेलं आहे. क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय नकार देता येत नाही, हेही त्यातच आहे. आणि एकदा पत्रात कारण लिहिलं की कंपनी त्याला बांधली जाते. सौराष्ट्र केमिकल्सच्या 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं, की नकाराच्या पत्रात नसलेलं कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही. फोनवर तुम्हाला तीन कारणं मिळाली, कारण फोन कुणालाच बांधत नाही.

मेल कंपनीच्या क्लेमच्या पत्त्यावर, प्रत तक्रार अधिकाऱ्याला आणि टीपीएला. तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता पॉलिसीच्या शेवटच्या पानांत असतो. विषयात पॉलिसी नंबर आणि क्लेम नंबर. मजकूर साधारण असा:

> दि. 12, 19 व 26 फेब्रुवारी रोजी मला फोनवर अनुक्रमे पुढील कारणे सांगण्यात आली: (तिन्ही कारणे जशीच्या तशी). यांपैकी एकही लेखी मिळालेले नाही. कृपया कळवावे: दावा नाकारला आहे, प्रलंबित आहे की कागदांअभावी बंद केला आहे, नाकारला असल्यास पॉलिसीचे कोणते कलम लागू केले, त्याचा क्रमांक व मजकूर, निर्णय कोणत्या कागदपत्रांवर आधारला, चौकशी अहवाल असल्यास त्याची प्रत, आणि रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीची तारीख. वरील नोंदीत काही चूक असल्यास तेही लेखी कळवावे.

शेवटचं वाक्य गाळू नका. त्यांनी खोडून काढलं नाही, तर फोनवर काय सांगितलं याची तुमच्याकडे नोंद राहते. आजार कसा होता, आईला किती त्रास झाला, हे या मेलमध्ये घालू नका. बीपीचा खुलासाही आत्ता नको. आधी त्यांना कारण लिहू द्या.

डॉ_गौरी
काका, इथे माझं वेगळं मत आहे. खुलासा आणि केस पेपर लगेच दिले तर फाइल उघडून क्लेम पास होऊ शकतो. आजारी माणसाच्या घरात महिनाभर पत्रव्यवहार कशाला?

देशपांडे_काका
केस पेपर जरूर द्या, ते मागितलेले आहेत. पण बीपीचा खुलासा न विचारता दिला, तर त्यांनी अजून कागदावर न घेतलेला मुद्दा आपणच त्यांच्या हातात देतो.

डॉ_गौरी
समरी त्यांच्याकडे आहेच की. मुद्दा त्यांनी वाचलेला आहे, म्हणून तर 19 तारखेला बोलले.

सुलभा_गिरगाव
मेल मराठीत लिहा हो. आपल्या मुंबईत आपल्या भाषेत उत्तर मिळायला हवं. मी बँकेशी कायम मराठीतच पत्रव्यवहार करते.

देशपांडे_काका
सुलभाताई, तुमचं बरोबर आहे, पण फाइल वाचणारा माणूस बहुतेक दुसऱ्या राज्यात बसलेला असतो. मराठी पत्राच्या जोडीला इंग्रजी प्रत द्यावी, म्हणजे न समजल्याचं निमित्त उरत नाही.

राजू_हिंदमाता
मेल वाचलाच नाही म्हणतात हे लोक. रजिस्टर एडी करा.

चेतन_दादर
रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. स्पीड पोस्ट करा आणि पोच हवी म्हणून काउंटरवर सांगा. नाहीतर जवळच्या शाखेत पत्र नेऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट शिक्का घ्या, मी तेच केलं होतं. शाखेतली मुलगी म्हणाली, क्लेमचं इथे घेत नाही. मी म्हटलं, तेवढंच पत्रावर लिहून सही करा. मग शिक्का मारला.

मृणाल_मुलुंड
आज मेल गेला. मुलुंडच्या शाखेत शिक्काही मिळाला. केस पेपर जोडले, खुलासा नाही जोडला. उत्तर नाहीच आलं तर?

देशपांडे_काका
तरी दिवस मोजायला सुरुवात झाली. तक्रार अधिकाऱ्याला दोन आठवडे असतात. मध्ये हवं तर बिमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 वर तक्रार नोंदवा. लेखी तक्रारीनंतर महिनाभर उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे. फी नाही, वकील चालत नाही. मात्र एका वर्षाच्या आत जायचं. फोनवरचा नकार घेऊन तिथे गेलात तर पहिला प्रश्न येतो, कंपनीला लेखी कधी विचारलंत? आजचा शिक्का हे त्याचं उत्तर.

मृणाल_मुलुंड
अकराव्या दिवशी उत्तर आलं. एका वाक्याचं: "पॉलिसीच्या अटी व शर्तींनुसार, आधीपासूनचा आजार न कळवल्यामुळे दावा नामंजूर." कलमाचा नंबर नाही, कमिटीची तारीख नाही. तपासणीसाठीचं अॅडमिशन आणि केस पेपर, दोन्ही कारणं गायब. पण बीपीचं आलंच.

देशपांडे_काका
दोन कारणं पत्रात नाहीत, ती आता परत आणणं त्यांना जड जाईल. याच मेलच्या साखळीत तक्रार अधिकाऱ्याला उत्तर द्या. कलम क्रमांक आणि मंजुरीची तारीख पुन्हा मागा, आणि आता डॉक्टरांचा खुलासा आणि पहिलं प्रिस्क्रिप्शन लावा. पॉलिसी घेतल्याची तारीख आणि प्रिस्क्रिप्शनची तारीख एकाखाली एक लिहा.

डॉ_गौरी
पहिल्या प्रिस्क्रिप्शनवर "नवीन निदान" असं काही लिहिलंय का? नुसतं गोळीचं नाव असेल तर ते म्हणतील, आधी दुसरीकडे चालू असेल.

मृणाल_मुलुंड
नुसतं गोळीचं नाव आणि 160/100 आहे. त्या डॉक्टरांचा दवाखाना आता बंद झालाय. पॉलिसी घेताना कंपनीनेच आईची मेडिकल केली होती, त्यात बीपी मोजला असेल ना? तो रिपोर्ट आम्हाला दिला नव्हता.

देशपांडे_काका
तो रिपोर्ट आजच्याच मेलमध्ये मागा. तारीख घालून.

मयुरेश77
माझ्या बाबांचाही क्लेम अडकलाय, ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतला. एचआर म्हणतं ब्रोकरला विचारा, ब्रोकर फोनवरच बोलतो. हाच मेल चालेल का?