अमेरिकन आणि युरोपियन ऑप्शन : विकणाऱ्याच्या दृष्टीने फरक खरा की नुसती भीती?

एडिसनकर

मी गेली दोन वर्षे येथे अमेरिकेत SPY या S&P ५०० निर्देशांकाच्या फंडावर कॉल स्प्रेड विकतो. सौदा टाकताना ब्रोकरच्या पडद्यावर 'कमाल तोटा' म्हणून एक आकडा दिसतो आणि मी त्याच्यावर विसंबून असतो. पुण्याचे माझे मेहुणे निफ्टीवर हाच प्रकार करतात. त्यांचे ऑप्शन युरोपियन, म्हणजे फक्त शेवटच्या दिवशी बजावता येणारे, असल्यामुळे आपल्याला रात्री शांत झोप लागते, माझे अमेरिकन, म्हणजे मुदतीआधी केव्हाही बजावता येणारे, त्यामुळे माझे मात्र काही खरे नाही, असे ते म्हणतात. मला हे पटत नाही. मुदतीआधी हक्क बजावणाऱ्याची टाइम व्हॅल्यू बुडते. मग तो तसे का करील, आणि केलेच तर माझे काय बिघडते?

तटस्थ

काहीही बिघडत नाही. टाइम व्हॅल्यू शिल्लक असताना कोणी हक्क बजावला, तर ती रक्कम त्याने आपण होऊन विकणाऱ्याच्या पदरात टाकली, असा त्याचा अर्थ होतो. शिवाय अमेरिकन ऑप्शनमध्ये खरेदीदाराला एक हक्क जास्त असतो, त्यामुळे त्याची किंमत तशाच युरोपियन ऑप्शनपेक्षा कधीही कमी नसते. ती जादा रक्कम विक्रीच्या दिवशीच आपल्या खात्यात आलेली असते. ज्या गोष्टीचे पैसे आपण आधीच घेतले, तिच्याबद्दल नंतर गळा काढण्यात अर्थ नाही. तुमच्या मेहुण्यांची झोप निफ्टीच्या हालचालीने उडेल. हक्क बजावण्याच्या पद्धतीने उडणार नाही.

हिशेबनीस

तटस्थ यांचे पैसे आधीच मिळाल्याचे म्हणणे बरोबर आहे. टाइम व्हॅल्यू दान केल्याचे म्हणणे मात्र लाभांशाच्या आदल्या संध्याकाळी उलटे होते. SPY चा लाभांश तिमाहीला येतो आणि त्याचा एक्स-डिव्हिडंड दिवस, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही तो दिवस, मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी पडतो. हिशेब सोपा राहावा म्हणून कल्पित आकडे घेतो. समजा, तुम्ही ५०० चा कॉल विकला आणि ५१० चा विकत घेतला. प्रत्येक शेअरमागे ४ डॉलर मिळाले, म्हणून पडद्यावरचा कमाल तोटा ६ डॉलर, आणि दहा लॉटचे, म्हणजे हजार शेअरचे, ६,००० डॉलर. एक्स-डिव्हिडंडच्या आदल्या गुरुवारी SPY ५३० वर आहे, लाभांश १.७५ डॉलर आहे आणि मुदत संपायला अजून एक आठवडा आहे.

आता ५०० चा कॉल ज्याच्या हातात आहे त्याच्या बाजूने पाहा. हक्क बजावला तर त्याला शेअर मिळतो आणि लाभांशही मिळतो. त्याच्या हातून दोन गोष्टी जातात. भाव ५०० च्या खाली कोसळल्यास कॉल त्याला जे संरक्षण देत होता, ते जाते. पण ५०० चा पुट घेऊन ते परत मिळवता येते, आणि तो पुट त्या दिवशी समजा ३० सेंटला आहे. दुसरे म्हणजे ५०० डॉलर एक आठवडा आधी मोजावे लागतात. ४ टक्के दराने त्याचे व्याज सुमारे ३८ सेंट होते. म्हणजे ६८ सेंट सोडून १.७५ डॉलर पदरात पडतात. जो जागा आहे तो हक्क बजावणारच.

तुम्हाला हे कळते शुक्रवारी सकाळी, कारण हक्क कोणाच्या गळ्यात घालायचा याचे वाटप क्लिअरिंग कॉर्पोरेशन रात्री करते. तोवर तुम्ही ५०० ला हजार शेअर शॉर्ट झालेले असता आणि शॉर्ट असलेल्याला लाभांश स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. बाकी काही हालचाल झाली नाही असे धरले, तर SPY लाभांशाइतका उतरून ५२८.२५ वर उघडतो. शॉर्टवर २८.२५ चा तोटा आणि १.७५ चा लाभांश मिळून ३० जातात. तुमचा ५१० चा कॉल मात्र आता फक्त १९.०४ चा राहतो : १८.२५ प्रत्यक्ष फरकाचे आणि ७९ सेंट उरलेल्या मुदतीचे. एकूण १०.९६ गेले, त्यातून मिळालेले ४ वजा केले तर ६.९६. ज्या सौद्यात जास्तीत जास्त ६,००० जातील असे लिहिले होते, त्यात ६,९६० गेले, आणि तेही भाव वर किंवा खाली एक पैसा न हलता.

तटस्थ

आकडेमोड मान्य आहे, पण हे ९६ सेंट अमेरिकन शैलीने नेले नाहीत, आळसाने नेले. एडिसनकरांच्या हातातला ५१० चा कॉलसुद्धा अमेरिकनच होता. त्याच गुरुवारी त्यांनी तो बजावला असता, तर त्यांनाही लाभांश मिळाला असता आणि हिशेब बरोबर दहावर थांबला असता.

हिशेबनीस

हे अगदी खरे आहे आणि मला म्हणायचे होते तेही हेच. मात्र 'थांबला असता' यात एक अट दडलेली आहे. गुरुवारी संध्याकाळी आपल्या गळ्यात शेअर पडणार आहेत की नाही हे माहीत नसते, कारण ज्यांनी बजावायला हवे त्यांच्यातले काही जण विसरतात. तुम्ही ५१० चा बजावला आणि तुमचा ५०० चा कोणी बजावलाच नाही, तर तुम्ही त्या रात्री हजार शेअरचे मालक होता, म्हणजे पाच लाख दहा हजार डॉलरची खरेदी झाली. लाभांश मिळाला म्हणून तो योग फायद्याचाच असतो, पण किरकोळ खात्यात एवढे मार्जिन असतेच असे नाही, आणि नसेल तर ब्रोकर सकाळी स्वतःच पोझिशन कापतो. युरोपियन ऑप्शन विकणारा शेवटच्या दिवशीचा एक भाव डोळ्यांसमोर ठेवतो. अमेरिकन विकणाऱ्याला रोज संध्याकाळी विचारावे लागते की समोरच्याने शहाणपणा केला तर माझी कोणती बाजू उद्या सकाळी नाहीशी झालेली असेल. माझ्या मते खरा फरक हा आहे.

गिरगावचा जुना

आमच्या काळी हे सारे मुंबईतच होते, म्हणून लिहितो. आज शेअरच्या ऑप्शनपुढे CE आणि PE लिहिलेले दिसते, त्यातला E म्हणजे युरोपियन, हे नव्या मुलांना ठाऊक नसते. २००१ साली एनएसईवर शेअरचे ऑप्शन सुरू झाले तेव्हा तेथे CA आणि PA लिहिलेले असे. निफ्टी पहिल्यापासून युरोपियनच होता. शेअरचे ऑप्शन २०११ च्या जानेवारीत युरोपियन झाले.

त्या जुन्या पद्धतीत एक विचित्र गोष्ट होती. ऑप्शन अमेरिकन होते, पण शेअर हातात येत नसत. त्या दिवशीच्या बंद भावाने रोख फरक वळता होई. मी एका पोलाद कंपनीचा कॉल विकून वरच्या स्ट्राइकचा घेतला होता. एका सकाळी खात्यातून फरक वजा झाल्याचे कळले आणि विकलेला कॉल गायब होता. विकत घेतलेला कॉल तेवढा उरला. एडिसनकरांच्या उदाहरणात निदान शॉर्ट शेअर तरी हातात राहतात आणि ते उरलेल्या कॉलला तोलून धरतात. माझ्याकडे तोलायला काहीच उरले नव्हते. बाजार उघडताच शेअर खाली आला आणि उरलेला कॉलही अर्धा झाला. त्या महिन्यात घरी मी बराच गप्प होतो.

हिशेबनीस

गिरगावकर, शिकागोच्या S&P १०० निर्देशांकावरचे OEX ऑप्शन याच जातीचे आहेत : अमेरिकन आणि रोखीने मिटणारे. त्यात बाजार बंद झाल्यावरही थोडा वेळ हक्क बजावता येत असल्यामुळे, बंद भाव ठरल्यानंतर वाईट बातमी आली की खरेदीदार जुन्या भावाने पैसे घेऊन मोकळा होई. विकणाऱ्यासाठी याहून अवघड मेळ मला तरी माहीत नाही.

म्युनिकवासी

मी जर्मनीत राहतो आणि येथे युरोपियन ऑप्शनच मिळत असल्याने हा प्रश्न आम्हाला पडत नाही. एडिसनकरांनी युरोपातील एक्स्चेंजवर खाते उघडावे.

हिशेबनीस

नावावर जाऊ नका. युरेक्सवर डॅक्स निर्देशांकाचे ऑप्शन युरोपियन आहेत, पण जर्मन कंपन्यांच्या शेअरवरचे अमेरिकन आहेत. उलट अमेरिकेतला SPX, म्हणजे खुद्द S&P ५०० निर्देशांकावरचा ऑप्शन, युरोपियन आहे. आणि जर्मन कंपन्या बहुधा वर्षाचा लाभांश एकदम वसंतात देतात, त्यामुळे वर मांडलेला १.७५ चा हिशेब तुमच्याकडे वर्षातून एकदा येतो, पण चांगला दणकून येतो. कॉल विकले असतील तर एप्रिल-मेच्या तारखा पाहून ठेवा.

म्युनिकवासी

माझ्याकडे एका विमा कंपनीचे विकलेले कॉल आहेत. आज रात्री पाहतो.

तटस्थ

तरीही मूळ मुद्दा मी सोडत नाही. धोका मोजता येत असेल आणि त्याची किंमत मिळत असेल, तर त्याला वेगळा विचार म्हणण्याऐवजी कॅलेंडरमधल्या चार तारखा म्हणावे. युरोपियनवाल्यांची निश्चिंतीही अर्धीच असते. मेहुण्यांनी उद्या निफ्टी सोडून भारतातल्या एखाद्या शेअरचे ऑप्शन विकले, तर ऑप्शन युरोपियन असूनही शेवटच्या दिवशी शेअर प्रत्यक्ष द्यावे-घ्यावे लागतात. २०१९ च्या ऑक्टोबरपासून हे सर्व शेअरना लागू आहे. मुदतीआधी कोणी हक्क बजावत नाही, एवढेच. पण जे व्हायचे ते सगळे एकाच दुपारी होते.

हिशेबनीस

शेअर प्रत्यक्ष द्यावे लागण्याचा मुद्दा योग्य आहे, पण तो वेगळा आहे. हक्क कधी बजावायचा आणि सौदा कशाने मिटवायचा, या दोन गोष्टी लोक नेहमी एकत्र करतात. चार तारखांबद्दल मात्र मी सहमत नाही. २०१९ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका किरकोळ ट्रेडरने UVXY या बाजारातील अस्थिरतेवर चालणाऱ्या फंडावर बॉक्स स्प्रेड विकला, म्हणजे चार ऑप्शन असे जोडले की मुदतीअखेर देणे ठरलेलेच राहावे, आणि यात तोटा शक्यच नाही असे जाहीर केले. UVXY वर लाभांशच नाही. तरी खोल पैशात असलेले ऑप्शन मुदतीआधी बजावले गेले, बॉक्सच्या भिंती एकेक करून गळाल्या आणि त्याने भरलेल्या रकमेच्या अनेक पट तोटा झाला. तोच बॉक्स SPX वर जाणती माणसे सर्रास विकतात आणि त्याचा कर्जासारखा उपयोग करतात, कारण तेथे मुदतीआधी एकही भिंत कोणाला काढता येत नाही. दोन्हीकडे अखेरच्या दिवसाचा आलेख तंतोतंत सारखा असतो.

तटस्थ

बॉक्सचे उदाहरण मान्य. पण SPX चा एक लॉट SPY च्या सुमारे दहापट मोठा असतो, हे लहान खात्याला परवडणारे नाही.

एडिसनकर

आता वाटते की पडद्यावरचा आकडा फक्त शेवटच्या दिवसापुरता होता. एक विचारतो : आदल्या गुरुवारी दर वेळी सगळे बंदच करून टाकावे का?

हिशेबनीस

दर वेळी नको. विकलेल्या कॉलच्या स्ट्राइकचा पुट पाहा. त्याचा भाव आणि उरलेल्या दिवसांचे व्याज मिळून लाभांशापेक्षा जास्त असेल, तर हक्क बजावण्यात समोरच्याचेच नुकसान आहे. कमी असेल, तर दुपारी तीनच्या आत स्प्रेड बंद करा.

तटस्थ

आणि खोल पैशातल्या कॉलमध्ये खरेदी-विक्रीच्या भावांत तीस-चाळीस सेंटची दरी असेल, तर बंद करण्यातच ९६ पैकी निम्मे जातील, हेही हिशेबात धरा.

एडिसनकर

माझा स्प्रेड ५४० आणि ५५० चा आहे. आत्ता ५४० चा पुट २ डॉलर १० सेंटला दिसतो आहे. गुरुवारी पुन्हा पाहीन.