ओळख नसलेल्या मुलासाठी भेट

> लेकीच्या वर्गातल्या मुलाचा सातवा वाढदिवस आहे. घरच्यांशी ओळख नाही. काय न्यावं?

वापरून संपेल असं द्या. मुंबईतल्या वन बीएचकेत आणखी एक रिमोटची गाडी ठेवायची कुठे! कपड्यांत मापाची भानगड.

पंचवीस रंगांचे ऑइल पेस्टल आणि सोबत जाड कागदाची स्केचबुक घ्या. पातळ वहीवर हे खडू नीट बसत नाहीत, म्हणून कागदही आपणच द्यायचा. घरी आधीचा डबा असला तरी हाही संपतोच. लेकीला मात्र विचारा, तो चित्रं काढतो का? नसेल काढत, तर पत्त्यांसारखा छोटा खेळ बरा.

नाव थेट वेष्टनावर पेनाने लिहा. चिकटवलेली कार्डं ढिगात गळून पडतात, मग कोणी काय दिलं कळत नाही.