भूलभुलैयात परत फिरताना खूण पुसायची की ठेवायची?

कोरी_पाटी

छोटा भूलभुलैया अक्षरांच्या चौकटीत ठेवलाय. `#` म्हणजे भिंत, `.` म्हणजे मोकळं घर, `S` पासून निघायचं, `E` गाठायचं, कुठलीही एक वाट चालेल. फंक्शन चालतं. पण एका ओळीवरून माझं आणि सहकाऱ्याचं दोन दिवस वाजतंय.

```python
def go(g, r, c):
    if not (0 <= r < len(g) and 0 <= c < len(g[0])):
        return False
    if g[r][c] == 'E':
        return True
    if g[r][c] not in 'S.':
        return False
    g[r][c] = '+'
    for dr, dc in ((-1,0), (0,-1), (0,1), (1,0)):
        if go(g, r+dr, c+dc):
            return True
    g[r][c] = 'x'    # वादाची ओळ
    return False
```

```
S...#
.#.##
...#E
##...
```

माझं मत `x`. तो म्हणतो तिथे पुन्हा `.` हवा, नाहीतर याला बॅकट्रॅकिंग म्हणायचंच नाही. तुमचं काय मत?

तिरपा_बाण

सहकाऱ्याच्या बाजूने माझं मत. बॅकट्रॅकिंगचा अर्थच मुळी केलेलं निस्तरून मागे येणं. पटावर वजीर मांडताना जमलं नाही तर तो उचलतोच ना? सुडोकूत चुकलेला आकडा खोडतोच ना? इथेच खूण का ठेवायची?

आणि हे तत्त्वापुरतं नाही. तुमचाच भूलभुलैया चालवून पाहिला, शेवटी हे दिसतं:

```
+++x#
x#+##
xx+#E
##+++
```

ओळ आणि स्तंभ शून्यापासून मोजले तर (२,१) या घरावर फुली आहे. पण `S` पासून दोन घरं खाली आणि मग उजवीकडे गेलं की याच घरातून `E` ला जाता येतं! म्हणजे चांगल्या चालत्या वाटेवर तुम्ही "रस्ता बंद"ची पाटी लावलीत. इथे दुसरी वाट होती म्हणून निभावलं. नसती तर?

गोगलगाय

आधी एक विचारतो, तुमची वाट वरच्या भिंतीतून शिरून खालच्या ओळीत निघत नाही ना? माझी निघायची. अख्खी संध्याकाळ `x` आणि `.` यांच्यावर संशय घेत बसलो होतो. पायथनमध्ये `g[-1]` म्हणजे शेवटची ओळ, त्यामुळे चौकटीबाहेर पाऊल पडलं तरी ते बोंबलत नाही, गुपचूप पलीकडून आत येतं. छापलेल्या वाटेत `+` पहिल्या ओळीतून थेट शेवटच्या ओळीत उडी मारताना दिसले तर समजायचं.

कोरी_पाटी

नाही हो, पहिल्याच ओळीत ती तपासणी आहे. पण (२,१) ची गोष्ट वाचून मात्र मी गडबडले. खरंच त्या घरातून वाट आहे.

जुनी_खिडकी

गडबडू नका. `x` बरोबर आहे, फक्त त्याचा अर्थ "हे घर वाया गेलं" असा लावू नका. त्या घरावर फुली कशी पडली ते पावलापावलाने पाहू.

क्रम वर, डावीकडे, उजवीकडे, खाली असा आहे. `S` वरून उजवीकडे सरकत आपण (०,३) ला जातो, तिथे कोंडी, फुली. मागे (०,२), मग खाली (१,२), (२,२). इथे डावीकडचा नंबर आधी, म्हणून (२,१), (२,०), आणि वर (१,०). (१,०) च्या डोक्यावर निघालो ते घर आहे, त्यावर `+`. म्हणजे फिरून आपल्याच शेपटीला आलो. तिथून तिन्ही घरांवर फुल्या मारत परत (२,२) ला, आणि मग खालून `E`.

आता बघा, (२,१) मधून `E` ला जायची वाट कुठून जाते? (२,२) मधूनच. आणि (२,२) त्या क्षणी हातातल्या वाटेवरच आहे, त्याची खालची दिशा अजून पाहायची बाकी आहे. तेव्हा फुलीचं म्हणणं एवढंच: हातातली वाट न ओलांडता इथून `E` गाठता येत नाही.

तिरपा_बाण

पण हातातली वाट पुढे बदलते! समजा (२,२) सोडून आपण मागे गेलो. मग तिथला `+` उठला आणि (२,१) ला नवा रस्ता मिळाला. फुली मात्र जुनीच.

जुनी_खिडकी

प्रश्न अगदी नेमका आहे, आणि उत्तर तुमच्या वाक्यातच आहे. (२,२) आपण सोडतो कधी? तिथल्या चारही दिशा फसल्या तरच. म्हणजे (२,२) मधूनही `E` मिळत नाही हे तोवर ठरलेलं असतं. मग (२,१) ला (२,२) चा रस्ता मोकळा होऊन उपयोग काय? ज्या घराच्या भरवशावर फुली खोटी ठरली असती, ते घर स्वतःच फुली घेऊन बसलेलं असतं. तेही आणखी मागच्या घरावर विसंबून असेल, तर ते मागचं घर अजून हातात आहे, आणि त्याच्या उरलेल्या दिशा आपण पाहणारच आहोत. कुठेही वाट निसटत नाही.

याहून गंमत म्हणजे दिशांचा क्रम तोच ठेवला तर `x` लिहा नाहीतर `.` लिहा, पहिली सापडणारी वाट तीच असते. पुसणारा माणूस त्याच घरांत पुन्हा शिरतो आणि पुन्हा हात हलवत परत येतो, एवढाच फरक.

तिरपा_बाण

बरं, हे मान्य. पण एवढ्याशा चौकटीत पुन्हा शिरला तर बिघडलं काय? कोड तरी नेहमीच्या साच्यातला राहतो.

जुनी_खिडकी

बिघडतं ते `E` भिंतीआड असेल तेव्हा. ६ × ६ ची मोकळी खोली घ्या, आत एकही भिंत नाही, आणि `E` समोरच्या कोपऱ्याला लागून पण भिंतीपलीकडे. `x` वाला प्रत्येक घरात एकदा शिरतो, ३६ घरांत "वाट नाही" सांगून मोकळा. `.` वाला कोणतंही घर दोनदा न शिवणारी प्रत्येक वाट चालून बघतो. अशा खोलीत एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणाऱ्या वाटाच १२,६२,८१६ आहेत. अध्येमध्ये अडकणाऱ्या त्याशिवाय. ५ × ५ ला हा आकडा ८,५१२ असतो म्हणून चाचणीत काही जाणवत नाही. ७ × ७ ला ५७,५७,८०,५६४ होतो. मग माणूस "प्रोग्राम हँग झाला" म्हणतो आणि भलतीकडेच शोधत बसतो.

ओळखायची खूण सोपी आहे: फंक्शनमध्ये एक मोजणी ठेवा. `+` लिहिण्याची वेळ मोकळ्या घरांच्या संख्येपेक्षा जास्त वेळा आली, की कुणीतरी पुसतंय.

सरळ_रेघ

एवढा वाद घालण्यापेक्षा बीएफएस लिहा. रांग घ्या, थरांनी पसरा, विषय संपला. वर सगळ्यात छोटी वाटही मिळते. तुमच्या क्रमाने ३ × ३ च्या रिकाम्या खोलीत काय होतं पाहा, `E` खालच्या उजव्या कोपऱ्यात:

```
+++
+++
++E
```

चार पावलांचं काम, आणि हे नऊच्या नऊ घरं नागमोडी तुडवत आठ पावलांनी पोचतं.

गोगलगाय

ही नागमोड मलाही भोवली आहे. ४० × ४० ची रिकामी खोली, `E` भिंतीआड, तोच क्रम, आणि `RecursionError`. पायथनची एकात एक कॉलची मुळातली मर्यादा १००० आणि इथे ते जायचे १६०० पर्यंत. ३१ × ३१ ला ९६१ म्हणजे जेमतेम बसतं, ३२ × ३२ ला कोलमडतं. मी `sys.setrecursionlimit` वाढवून वेळ मारून नेली. बरोबर केलं की नाही, देव जाणे.

जुनी_खिडकी

@सरळ_रेघ, छोटी वाट हवी असेल तर तुमचंच बरोबर, त्यात वाद नाही. पण त्यांनी विचारलंय "एक वाट". आणि बीएफएसमध्ये वाट आपोआप हाती लागत नाही, प्रत्येक घरात कुठून आलो ते लिहून ठेवून शेवटून मागे यावं लागतं. इथे `+` आपोआप चौकटीत उरतात. छोट्या भूलभुलैयाला हे मला आवडतं, आवडीची बाब म्हणा.

@गोगलगाय, मर्यादा थोडी वाढवणं ठीक. फार मोठी चौकट असेल तर स्वतःचा स्टॅक ठेवा.

सरळ_रेघ

छोटी वाट नको असणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. असो.

तिरपा_बाण

मी एक घर मागे आलो, पण हरलो नाही. 😄 समजा अट घातली: जास्तीत जास्त ६ पावलं. आता हा भूलभुलैया घ्या.

```
S..
.#.
...
E##
```

त्याच क्रमाने `S` वरून उजवीकडे निघालो, खोलीला वळसा घालून (२,०) ला पोचलो ते सहाव्या पावलावर. `E` अगदी पायाखाली, पण पावलं संपली. (२,०) वर फुली. मागे येत येत सगळ्यांवर फुल्या. मग `S` वरून खाली (१,०), त्याच्या खाली (२,०), आणि तिथे फुली! उत्तर "वाट नाही". खरी वाट तीन पावलांची. इथे `.` लिहिलं असतं तर सापडली असती.

जुनी_खिडकी

वा, हे उदाहरण अस्सल आहे. वर जे सांगितलं ते घर फसण्याचं कारण फक्त भिंती आणि हातातली वाट असेल तोवरच खरं. इथे (२,०) फसलं ते आपण तिथे उशिरा पोचलो म्हणून. तेव्हा फुलीतच पावलांचा आकडा हवा: या घरात आजवर कमीत कमी कितव्या पावलावर आलो. त्याहून लवकर आलो तर पुन्हा आत शिरायचं, नाहीतर नाही. एका अक्षरात ते मावत नाही, त्यासाठी शेजारी आकड्यांची दुसरी चौकट ठेवावी लागेल. सगळं पुसून टाकणं हा एकच उपाय नाही.

तिरपा_बाण

आणि सगळ्या वाटा मोजायच्या असतील तर?

जुनी_खिडकी

तर पुसायलाच हवं. तिथे वजीर उचलायचा. मात्र मग वरचे ते आकडेही सोसायचे.

कोरी_पाटी

दोन्ही करून पाहिलं. सापडल्यावर थांबायचं सोडून मोजत राहायचं असा बदल केला. माझ्याच भूलभुलैयात `x` ठेवून वाटा १ आल्या, `.` ठेवून २. म्हणजे तिरपा_बाण यांची (२,१) मधली वाट `x` ने खरोखर गिळली होती, फक्त माझ्या प्रश्नाला ती लागत नव्हती.

एक भलतीच चूकही सापडली. `.` वाल्यात वाट नसली की `S` गायब होतं, त्या जागी `.` येतो. सहकाऱ्याला दाखवलं तर म्हणाला, आधीचं अक्षर जपून ठेवून तेच परत लिहायचं, सोपं आहे. एक वाट शोधायला `x` चालेल हे त्याने मान्य केलं, पण त्याला बॅकट्रॅकिंग म्हणायला तो अजूनही तयार नाही.

तिरपा_बाण

मीही नाही. ती फक्त खोलवर जाऊन परत येणारी शोधाशोध आहे.

जुनी_खिडकी

`+` काढून मागे येतोय ना? वाट निस्तरली जातेच, फक्त आठवण ठेवली जाते. मी म्हणणार.