पहारेकरी गेला, हत्ती कुणी परत आणायचा? (पत्त्यावर नक्की काय छापायचं)

सदाशिवपेठी
आम्ही चौघं मिळून मराठीत पत्त्यांचा खेळ बनवतोय. रविवारी 'पहारेकरी' या पत्त्यावरून चांगलीच जुंपली. त्यावर छापलंय: "हा पत्ता मैदानात आल्यावर समोरच्याचा एक पत्ता बाजूला ठेवा. हा पत्ता मैदानातून गेल्यावर तो परत द्या." आमच्याकडे कुठल्याही चालीला उत्तर देता येतं, आणि शेवटी टाकलेलं उत्तर आधी लागू होतं. एकाने पहारेकरी टाकला, समोरच्या हत्तीकडे बोट दाखवलं आणि लगेच स्वतःच 'माघार' टाकून पहारेकरी हातात घेतला. वर म्हणतो, हत्ती आता कायमचा गेला! खरं कोणाचं? माझं मत आधीच सांगतो: सगळं पत्त्यावरच हवं, नियमपुस्तक कुणी उघडत नाही.

टॉपडेक
मित्र बरोबर आहे, पैज लावा. मॅजिक हा पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्यांना ही खोडी पाठ आहे. 2007 साली आलेल्या ऑब्लिव्हियन रिंग या पत्त्यावर तुमच्यासारखीच दोन वेगळी वाक्यं होती आणि लोक नेमकं हेच करायचे. 2013 च्या बॅनिशर प्रीस्टपासून त्यांनी दोन्हींचं एकच वाक्य केलं. तुम्हीही "हा पत्ता जाईपर्यंत बाजूला ठेवा" असं लिहा. विषय संपला.

नियमबुवा
विषय इतक्यात संपत नाही. आधी रविवारचा डाव सावकाश बघू, म्हणजे चूक कुठे आहे ते दिसेल.

पहारेकरी मैदानात आला, पहिलं वाक्य जागं झालं, हत्ती निवडला गेला. पण अजून हत्ती हललेला नाही, कारण उत्तराची संधी बाकी आहे. त्या फटीत 'माघार' आली. शेवटची म्हणून ती आधी लागली आणि पहारेकरी हातात गेला. तो मैदानातून गेला म्हणून आता दुसरं वाक्य जागं झालं: "तो परत द्या." कोणाला परत द्यायचं? बाजूला तर कुणीच नाही. वाक्य फुकट गेलं. त्यानंतर मागे राहिलेलं पहिलं वाक्य लागू झालं आणि हत्ती बाजूला गेला. त्याला परत आणणारं वाक्य आधीच खर्ची पडलंय. हत्ती कायमचा गेला, आणि पहारेकरी हातात शाबूत, पुढच्या डावात पुन्हा तेच करायला मोकळा.

म्हणजे छापलेल्या मजकुराप्रमाणे तुमचा मित्र जिंकला. तुम्हाला हे नको होतं, ही गोष्ट वेगळी. पत्ता बनवणाऱ्याच्या मनात काय होतं यावर डाव ठरत नाही.

आता टॉपडेकच्या "जाईपर्यंत"बद्दल. औषध बरोबर आहे, पण मात्रा अर्धी. मी "दिवे जाईपर्यंत अभ्यास कर" म्हटलं आणि दिवे आधीच गेलेले असले, तर पोराने काय करायचं? एक म्हणेल, अभ्यास नाहीच. दुसरा म्हणेल, दिवे येऊन पुन्हा जाईपर्यंत कर. मॅजिकवाल्यांचं नुसत्या शब्दावर भागलं नाही. ती घटना आधीच घडून गेली असेल तर पत्ता जागचा हलतच नाही, असं त्यांना नियमात वेगळं लिहावं लागलं.

मराठीत मात्र एक सोय आहे. "जाईपर्यंत" हा पुढे घडायच्या घटनेकडे बघतो, "असेपर्यंत" हा आत्ताच्या स्थितीकडे. "पहारेकरी मैदानात असेपर्यंत" म्हटलं आणि तो मैदानात नाहीच, तर मुदत सुरू होण्याआधीच संपली. हत्ती जागेवर.

मेंढीकोटवाली मावशी
तुमचे हत्ती-पहारेकरी मला कळले नाहीत, पण भांडण ओळखीचं वाटलं. आमच्याकडे मे महिन्यात सगळे जमले की बंद हुकुमाची मेंढीकोट असते. उतारीचं पान नाही म्हणून एकाने हुकूम उघडायला सांगितला. निघाला इस्पिक. पण त्याच हातात त्याच्या आधी एकाने इस्पिकचंच पान फेकलं होतं, तेही उतारीचं नव्हतं म्हणून. ते पान हुकूम धरायचं की नाही? दीर म्हणतात धरायचं, हुकूम तर पहिल्यापासून इस्पिकच होता, फक्त झाकलेला. जाऊ म्हणते, उघडल्यानंतर पडलेलंच पान हुकूम. वीस वर्षं झाली, अजून दर वेळी नव्याने भांडतो.

नियमबुवा
मावशी, तुम्ही मुद्द्यावरच आहात. "हुकूम उघडला" म्हणजे त्या क्षणापासून लागू की हाताच्या सुरुवातीपासून, एवढं एक वाक्य ठरवायचं राहिलंय. दोन्ही बाजू चालतील, पण पत्ते वाटायच्या आधी ठरवा.

मेंढीकोटवाली मावशी
ठरवलं तर जेवणानंतर करायचं काय?

कागदकात्री
मी पत्ते छापतो, म्हणून विरुद्ध बाजूने बोलतो. सदाशिवपेठी, सगळं पत्त्यावर मावत नाही. तुमचा पत्ता नेहमीच्या 63 बाय 88 मिलिमीटरचाच असणार. त्यात निम्मी जागा चित्राला. उरलेल्यात नाव, किंमत आणि मजकूर. देवनागरीत वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे ओळी जवळ घेतल्या की एकमेकींत अडकतात. चार ओळींच्या पुढे गेलात की समोर बसलेल्याला वाचताच येत नाही आणि माणसं आठवणीवर खेळायला लागतात. तिथेच खरं भांडण सुरू होतं. पत्त्यावर मोजकं, बाकी सगळं पुस्तकात.

अर्धविराम
यू-गी-ओने यावर वेगळा तोडगा काढला. 2011 पासून त्यांच्या पत्त्यांवर विरामचिन्हांनाच अर्थ आहे. अपूर्णविरामाच्या आधी लिहिलेलं म्हणजे केव्हा खेळता येईल, अर्धविरामाच्या आधीचं म्हणजे खेळतानाच काय मोजायचं किंवा निवडायचं, आणि त्याच्या पुढचं ते उत्तरं संपल्यावर घडतं. शब्द वाढवायची गरजच नाही. तुमचा पत्ता असा होईल: "हा पत्ता मैदानात आला की: समोरच्याचा एक पत्ता निवडा; हा पत्ता मैदानात असेपर्यंत निवडलेला पत्ता बाजूला ठेवा." हत्ती कधी निवडायचा आणि कधी हलवायचा, दोन्ही डोळ्यांना दिसतं.

कागदकात्री
माझा दहा वर्षांचा भाचा अर्धविराम आणि स्वल्पविराम यांत फरक करत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचे वडीलही करत नाहीत. शिवाय छपाईत ते टिंब बुजलं की नियम बदलला!

अर्धविराम
मग दोन ओळी करा, वर "निवडा", खाली "मग". पण निवडणं आणि घडणं वेगळं दिसलंच पाहिजे. आणि त्यांच्याकडची एक चूक मात्र उचलू नका. "जेव्हा अमुक होईल, तेव्हा तुम्ही तमुक करू शकता" असा मजकूर असेल तर ते अमुक अगदी शेवटी घडलेलं असावं लागतं. पीटन नावाचा विदूषक बाद झाला की आपल्यासारखा दुसरा आणू शकतो. पण मोठा पत्ता उतरवण्यासाठी त्याचाच बळी दिला, तर शेवटी घडलेली गोष्ट म्हणजे मोठा पत्ता उतरणं. विदूषक बाद झाल्याचा क्षण निघून गेलेला असतो. संधी हुकते. तेच "जर" लिहिलं असतं तर हुकली नसती. एका शब्दाने पोरं रडलेली मी पाहिली आहेत.

टॉपडेक
म्हणून म्हणतो, मराठीत "जेव्हा", "जर", "की", "ताच" यांत असले छुपे अर्थ भरू नका. आपण बोलताना ते एकमेकांऐवजी सर्रास वापरतो. एकच ठरवा, "आला की", आणि सगळ्या पत्त्यांवर तेच.

नियमबुवा
हे शंभर टक्के मान्य. आणखी दोन शब्द काढून टाका. "तो परत द्या" यातला "तो" कोण? पहारेकरीही तोच, हत्तीही तोच. आणि "परत" म्हणजे हातात, मैदानात, की पुन्हा एकदा? पत्ता स्वतःबद्दल बोलतो तेव्हा कायम "हा पत्ता", दुसऱ्याबद्दल बोलतो तेव्हा "निवडलेला पत्ता". आणि कुठे ठेवायचा ते नाव घेऊन सांगा: "मालकाच्या मैदानात".

सदाशिवपेठी
मग आता असं लिहिलंय:

"हा पत्ता मैदानात आला की समोरच्याचा एक पत्ता निवडा. हा पत्ता मैदानात असेपर्यंत निवडलेला पत्ता बाजूला ठेवा, मग मालकाच्या मैदानात ठेवा."

काल रात्री याची परीक्षा घेतली. माघारवाला मित्र ऐकतोय होय! त्याने 'माघार'ऐवजी 'गिरकी' टाकली. ती पहारेकऱ्याला मैदानाबाहेर काढते आणि लगेच परत मैदानात ठेवते. आता हत्ती हलवायची वेळ आली तेव्हा पहारेकरी मैदानात आहे! शिवाय तो नव्याने आला म्हणून दुसरा पत्ताही निवडला. एका पहारेकऱ्याने दोन पत्ते पकडले. तो म्हणतो, "असेपर्यंत" ना? मग आहे की!

नियमबुवा
मित्राला खेळ बनवणाऱ्यांत घ्या, त्याला फटी बरोबर दिसतात. हे मात्र पत्त्यावर लिहून सुटणार नाही. इथे कागदकात्री बरोबर आहे, हे पुस्तकातच हवं: "मैदानातून गेलेला पत्ता परत आला तर तो नवा पत्ता समजावा. आधीच्या पत्त्याचे परिणाम त्याला लागू नाहीत." म्हणजे हत्तीला धरणारा पहारेकरी गेला, मैदानात उभा आहे तो वेगळा. हत्ती सुटला, दुसरा निवडलेला पत्ता तेवढा अडकला. हा नियम शंभर पत्त्यांना लागतो. तो प्रत्येकावर छापायचा म्हणजे कागदकात्रीला वेड लागेल.

माझा हिशोब असा: जे फक्त या एका पत्त्याचं आहे ते पत्त्यावर, जे सगळ्यांना सारखं लागतं ते पुस्तकात. आणि पुस्तकात नियमाखाली रविवारचा डाव जसाच्या तसा छापा, नावांसकट: पहारेकरी, हत्ती, माघार, निकाल. त्याखाली गिरकीचा. भांडणात लोक नियम वाचत नाहीत, आपल्यासारखं उदाहरण शोधतात.

सदाशिवपेठी
उदाहरणं छापायची कल्पना पटली. पण माझं मूळ म्हणणं सोडत नाही. नवखा माणूस पत्ता हातात घेऊन बसतो, पुस्तक डब्यात असतं.

टॉपडेक
मग हेही सोडवा. 'वादळ' पत्ता आहे ना तुमच्याकडे, मैदानातले सगळे पत्ते बाद करणारा? त्यात पहारेकरी बाद झाला. हत्ती परत येतो तो वादळाच्या आत की नंतर? मॅजिकमध्ये लगेच नंतर येतो, म्हणजे वाचतो.

कागदकात्री
वादळ चालू असताना आला तर बाद व्हायला हवा. साधी अक्कल आहे.

अर्धविराम
वादळ "चालू" कुठे असतं? सगळे पत्ते एकदम उचलायचे, एवढंच ते. हत्ती तेव्हा मैदानात नव्हता.

कागदकात्री
मग हत्तीवाल्याने वादळ स्वतःच टाकून हत्ती सोडवून घेतला तर? फारच स्वस्तात पडलं.

सदाशिवपेठी
आमच्यात यावर दोन विरुद्ध दोन झालेत. रविवारी दोन्ही पद्धतींनी तीन-तीन डाव खेळतोय. मावशी, तुमच्याकडे इस्पिकचं काय ठरलं ते तेवढं कळवा.